व्हाइट मस्क: निम्म्यांना वासच येत नाही, एकीला मुतारी आठवते. दोष अत्तराचा की नाकाचा?

अत्तरखोर (धागाकर्ता)
घरगुती प्रमाणात अत्तरं बनवतो, ओळखीपाळखीत देतो. सध्या अडलंय ते 'व्हाइट मस्क'च्या कुपीपाशी. १० ग्रॅमच्या कुपीत गॅलॅक्सोलाइड हे कृत्रिम मस्क (५० टक्के द्रावण) ६ ग्रॅम, फुलासारखा वास देणारं हेडिओन ३.५ ग्रॅम आणि बाजारात तयार मिळणारा 'कस्तुरी बेस' ०.५ ग्रॅम.

एकाच घाण्यातल्या कुप्यांवर तीन तऱ्हेची मतं आली आहेत. काही म्हणतात, धुतलेल्या कपड्यांसारखा मऊ, गोडसर, फार छान. काही म्हणतात, फाया कानात ठेवला तरी नुसतं थोडं फुलासारखं वाटतं, कस्तुरी कुठेय? आणि एका बाईंनी सरळ सांगितलं की एसटी स्टँडच्या मुतारीचा वास मारतो.

माल खराब, की नाकंच वेगळी? आणि नाकं वेगळी असतील तर अत्तर बनवणाऱ्याने करायचं काय?

खवचट_आजोबा
ज्यांना वास येत नाही त्यांच्याकडून निम्मे पैसे घ्या. मुतारीवाल्या बाईंकडून सुलभचे दोन रुपये.

वैद्यबुवा_मिरजकर
वास न येणं हल्ली फार वाढलंय. कोविडनंतर कित्येकांची घ्राणेंद्रियं अधू झाली आहेत. शिवाय जुनी सर्दी, नाकातलं वाढलेलं मांस. अशांना कान-नाक-घसावाल्यांकडे पाठवा, अत्तराला दोष नाही.

नासिकाग्र
वैद्यबुवा, तुम्ही म्हणता ती कारणं खरी आहेत, पण त्यात सगळेच वास जातात किंवा मंद होतात. इथले लोक हेडिओनचं फूल ओळखताहेत आणि कस्तुरी तेवढी निसटतेय. नाक शाबूत आणि एखादाच वास गायब, हे वेगळं प्रकरण आहे. जॉन अमूर नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकातच त्यावर काम केलं होतं. त्याच्या हाती लागलेलं ठळक उदाहरण आयसोव्हॅलेरिक आम्लाचं, म्हणजे घामट मोज्यांचा वास. बाकी सगळं हुंगता येणाऱ्या काही लोकांना तो वास जवळजवळ येतच नव्हता.

त्यामागचं कारण असं. माणसात वास पकडणाऱ्या रिसेप्टरची चालू स्थितीतली जनुकं साधारण ४०० आहेत. इतकी जनुकं असली की त्यांत माणसागणिक बदल साठतात. कुठलीही दोन माणसं घेतली तर जवळपास ३० टक्के रिसेप्टरच्या कामात काही ना काही फरक सापडतो. बहुतेक वेळा तो जाणवत नाही, कारण एक रेणू अनेक रिसेप्टरना चाळवतो. एक पडला तरी बाकीचे निभावून नेतात.

कस्तुरीच्या बाबतीत मात्र हे 'बाकीचे' फार कमी असावेत. हे रेणू मोठे आणि जड असतात आणि त्यांना दाद देणारे रिसेप्टर मोजकेच सापडले आहेत. गॅलॅक्सोलाइडचा संबंध ओआर४डी६ या जनुकाशी लागतो. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या केसी ट्रिमर, जोएल मेनलंड वगैरेंनी २०१९ मध्ये ३३२ लोकांना ६८ वास हुंगवून त्यांची जनुकं तपासली, एकेका रिसेप्टरमधल्या बदलाने वास पालटतो हे त्यात दिसलं. गॅलॅक्सोलाइडचं हे जनुक २०२२ मध्ये चीनमधल्या हान लोकांच्या मोठ्या गटात सापडलं. नैसर्गिक कस्तुरीतला मुख्य घटक मस्कोन, त्याचा रिसेप्टर ओआर५एएन१. म्हणजे दोन्ही 'कस्तुरी'च, पण दारं वेगळी. एक दार बंद असलेल्याला दुसऱ्यातून वास येऊ शकतो.

तेव्हा तुमचे 'वासच नाही' म्हणणारे लोक बहुधा खरं बोलताहेत. माल ठीक आहे.

कोकमसार
इतका अभ्यास करण्यापेक्षा खरी कस्तुरी वापरा की. केरळातून येणाऱ्या एका गृहस्थांकडे अस्सल मिळते असं ऐकलंय.

लताकस्तुरी
@कोकमसार, कस्तुरीमृग हिमालयातला. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार आणि कस्तुरीची विक्री दोन्ही बंद आहेत. केरळातून 'अस्सल' येत असेल तर एक तर ती खोटी आहे नाही तर तुरुंगाची वाट. वनस्पतीतूनच हवी असेल तर कस्तुरी भेंडीचं बी आहे. त्यातला अँब्रेटोलाइड खऱ्या अर्थाने कस्तुरीच्या कुळातला, मोठ्या कड्याचा रेणू. महाग आहे, पण बाकीचे मस्क न येणाऱ्या काही नाकांना तो येतो.

सुकाबोंबील
नासिकाग्र यांचं पटलं, पण एक शंका. दार बंद असेल तर वास येणार नाही, हे समजलं. त्या बाईंना मात्र वास येतोय, आणि वाईट येतोय. त्याला जनुक कसं जबाबदार?

नासिकाग्र
@सुकाबोंबील, अचूक प्रश्न. 'येत नाही' आणि 'आवडत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या धाग्यात आपण त्यांची सरमिसळ करतोय.

दुसऱ्या गोष्टीचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अँड्रोस्टेनोन. हा पदार्थ नर डुकराच्या लाळेत आणि चरबीत असतो, थोडा माणसाच्या घामातही. एखाद्याला तो गोड, चंदनासारखा लागतो, दुसऱ्याला शिळ्या मुताचा, तिसऱ्याला काहीच नाही. २००७ मध्ये आंद्रेयास केलर, लेस्ली व्हॉसहॉल आणि हिरोआकी मात्सुनामी यांच्या गटाने त्याचा रिसेप्टर ओआर७डी४ दाखवला. या रिसेप्टरच्या प्रथिनात ८८ आणि १३३ या दोन जागांवरची अमिनो आम्लं बदलतात आणि दोन्ही बदल जोडीनेच वारशात येतात. एका जातीचा रिसेप्टर पेशीत घालून पाहिला तर अँड्रोस्टेनोनला जोरात दाद देतो. दुसरी जात जवळजवळ मुकी.

आता न्यूयॉर्कच्या ३९१ स्वयंसेवकांत काय दिसलं पाहा. आई आणि बाप दोघांकडूनही चालू जात मिळालेल्यांना वास तीव्र आणि घाणेरडा वाटला. एक किंवा दोन्ही मुक्या जाती असलेल्यांना कमी तीव्र, कमी घाण, काहींना चक्क बरा. गंमत अशी, की आवडणाऱ्यांचं नाक जास्त रसिक नाही, ते जास्त बहिरं आहे. मुख्य घाण ऐकू न आल्यामुळे उरलेल्या रिसेप्टरांचा हलका गोड सूर तेवढा त्यांना मिळतो.

खवचट_आजोबा
म्हणजे आमच्या सौ. आम्हाला ४० वर्षं सहन करतात ते प्रेम नव्हे, बिघडलेला रिसेप्टर.

बेळगावी_कुंदा
पण हे डुकराचं उदाहरण आपल्याला काय कामाचं? आपल्याकडे वाद हिंग, दालचिनी आणि कोथिंबीर यांवरून. कोथिंबीर साबणासारखी लागणाऱ्यांचं जनुक सापडलंय हे सगळीकडे लिहिलेलं आहे. आमच्या जावयांना अजिबात चालत नाही, त्यांच्यात ते जनुक आहे हे नक्की.

नासिकाग्र
'नक्की' हा शब्द काढा. २०१२ मध्ये हजारो लोकांच्या डेटात ओआर६ए२ या जनुकाजवळ एक बदल साबणाच्या तक्रारीशी जुळला, हे खरं. तो रिसेप्टर कोथिंबिरीतल्या अल्डिहाइडना दाद देतो, त्यामुळे कारणही पटण्यासारखं आहे. पण त्या बदलाचा वाटा फार छोटा निघाला. तो असूनही आवडीने खाणारे पुष्कळ, आणि नसूनही नाक मुरडणारे पुष्कळ. त्याच वर्षी कॅनडातल्या तरुणांच्या पाहणीत पूर्व आशियाई मुळाच्या लोकांत २१ टक्के कोथिंबीर न आवडणारे निघाले, दक्षिण आशियाई मुळाच्या लोकांत ७ टक्के. हा फरक जनुकांचा किती आणि रोजच्या ताटातल्या पखरणीचा किती, ते त्या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही.

जावयांसाठी एक करून पाहा. पानं वरून भुरभुरवू नका, बारीक वाटा आणि थोडा वेळ ठेवा. पानं चिरडली की आतली विकरं अल्डिहाइड मोडायला लागतात आणि साबण उतरतो. धणे तर त्यांना चालतच असतील, कारण धण्यात मुख्य वास लिनालूलचा.

बेळगावी_कुंदा
धणे चालतात! गोडा मसाला तर वाटीने खातात. पण जनुक नाही हे काही मला पटत नाही.

सुकाबोंबील
दालचिनीवरही काही आहे का?

घ्राणेश्वर
दालचिनीवर आइसलँडचं काम आहे, २०२० चं. ११ हजारांहून जास्त लोकांना लेखणीसारख्या वासकांड्या देऊन सहा वास ओळखायला लावले: दालचिनी, पुदिना, केळं, लिंबू, ज्येष्ठमध आणि मासळी. दालचिनीच्या सिनॅमाल्डिहाइडचा संबंध वासाच्या रिसेप्टरच्या जनुकांजवळच्या एका बदलाशी लागला. काहींना तीच दालचिनी इतरांपेक्षा जास्त ठसठशीत येते. म्हणून एकाच बिर्याणीत एकाला 'फक्त दालचिनीच लागतेय' आणि दुसऱ्याला 'दालचिनी घातलीये का?' असं होऊ शकतं. पण आधी भांड्यात कुठली साल गेली ते बघा. जाड, कडक कॅसियात सिनॅमाल्डिहाइड जास्त. पातळ, थराथराची सिलोनी मवाळ आणि तिच्यात लवंगेची झाक.

सुकाबोंबील, तुमच्या आयडीसाठी खास: मासळीच्या वासाचं जनुक टीएएआर५. त्यात एक दुर्मीळ बदल असलेल्या काही आइसलँडवासीयांनी मासळीच्या वासाला बटाटा, कॅरॅमल, केचप, अगदी गुलाबसुद्धा म्हटलं.

सुकाबोंबील
बोंबील आणि गुलाब! असा जावई शोधायला हवा.

अत्तरखोर
मंडळी, कोथिंबिरीच्या वाटेने फार लांब आलो. लोकांची जनुकं तपासणं मला शक्य नाही. घरच्या घरी 'खरंच येत नाही' आणि 'लक्ष नव्हतं' यांतला फरक कसा ओळखू?

लताकस्तुरी
तीन पट्ट्यांची चाचणी करा. नीट केली तर सोपी आहे, घाईत केली तर थापा मारते.

वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा घ्या, थेंब मोजू नका. तुमचं गॅलॅक्सोलाइड मुळात ५० टक्के आहे, कारण शुद्ध पदार्थ मधाहून घट्ट असतो आणि ओतता यावा म्हणून पातळ करूनच विकतात. १ ग्रॅम द्रावणात ४ ग्रॅम अत्तराचं अल्कोहोल घातलं की १० टक्के होईल. पातळ करायला काय वापरलंय ते विक्रेत्याला विचारा. आयसोप्रोपिल मायरिस्टेट असेल तर तुलनेसाठीची, मस्क नसलेली कोरी बाटलीही तशीच बनवा: १ ग्रॅम मायरिस्टेट, ९ ग्रॅम तेच अल्कोहोल. कोऱ्या पट्टीवर नुसतं अल्कोहोल लावलंत तर नाक मायरिस्टेटचा तेलकटपणा पकडून 'बरोबर' उत्तर देईल आणि तुम्ही फसाल.

कागदाच्या तीन पट्ट्या, प्रत्येकी एक सेंटिमीटर बुडवलेल्या. एकीवर मस्क, दोन कोऱ्या. पाठीमागे पेन्सिलीने खूण. अल्कोहोल पूर्ण उडायला पाच मिनिटं द्या, नाहीतर नाकाला झोंबतं आणि पुढचं काही कळत नाही. पट्ट्या हातात देणाऱ्यालाही कुठली कोणती ते माहीत नसावं. हुंगणाऱ्याने फक्त वेगळी कोणती ते सांगायचं, छान की वाईट ते नंतर. असे सहा डाव, प्रत्येकाच्या मध्ये एक-दोन मिनिटं.

नुसत्या अंदाजाने सहापैकी दोन बरोबर येतातच. पाच किंवा सहा बरोबर येण्याची शक्यता मात्र २ टक्क्यांहून कमी, तेव्हा पाच किंवा सहा आले तरच 'येतो' म्हणा. तीन-चार म्हणजे काहीच सिद्ध नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि प्रत्येकाला आधी गुलाबाची एक पट्टी द्या. तीही येत नसेल तर वैद्यबुवांकडे पाठवा.

घ्राणेश्वर
त्यात एक भर. ज्या खोलीत कपडे वाळत असतील तिथे ही चाचणी करू नका. धुण्याच्या पावडरीत आणि कपडे मऊ करणाऱ्या द्रावणात गॅलॅक्सोलाइड सर्रास असतं आणि ते कापडाला चिकटून राहतं. खोलीभर तोच वास असला की चांगल्या नाकालाही पट्टीवरचा कळत नाही. चाचणीवाल्याचा शर्टही त्यातच धुतलेला असतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

याच कारणाने 'अत्तर तासाभरात उडतं' ही तक्रारही पुष्कळदा खोटी असते. मस्क दिवसभर अंगावर असतं, नाक सरावलेलं असतं. उघड्यावर जरा फिरून आल्यावर पुन्हा आला तर तो सराव. तरीही नाहीच आला तर जनुकाचा संशय घ्या.

कोडवाला
माझ्याकडे परदेशी कंपनीकडून मागवलेली जनुकचाचणीची फाइल आहे. त्यात हे सगळं शोधता येतं का?

नासिकाग्र
काही गोष्टी येतात. त्या फाइलमध्ये `rs6591536` शोधा. हा ओआर५ए१ मधला बदल, वास बीटा-आयोनोनचा, म्हणजे व्हायोलेट फुलांचा. २०१३ च्या न्यूझीलंडच्या कामात या एका बदलाने लोकांमधला जवळजवळ सगळा फरक उलगडला. एक चालू प्रत असली तरी पुरते. ज्यांच्याकडे ती नाही ते थोड्या प्रमाणात असलेला आयोनोन हुंगूच शकत नाहीत, आणि प्रमाण वाढवलं तर फुलाऐवजी आंबट, व्हिनेगरसारखं काहीतरी सांगतात. कोथिंबिरीत जनुकाचा वाटा चिमूटभर, इथे जवळजवळ सगळा. म्हणून 'वासाचं जनुक' असं सरसकट बोलू नये. फक्त फाइलमधलं अक्षर वाचताना ते डीएनएच्या कुठल्या धाग्यावरून लिहिलंय ते पाहा. उलट्या धाग्यावरून वाचलं तर अक्षरंच वेगळी दिसतात.

वैद्यबुवा_मिरजकर
जनुक हेच सर्वस्व असेल तर सवयीने नाक सुधारतं ते कसं? आमच्याकडे रोज हुंगण्याचा सराव देतात.

नासिकाग्र
हा मुद्दा मान्य, आणि तो मला अजून पूर्ण सुटलेला नाही. १९८९ मध्ये मोनेलच्याच वायसोकी यांच्या गटाने अँड्रोस्टेनोन न येणाऱ्या २० जणांना तो दिवसातून तीनदा, तीन-तीन मिनिटं, सहा आठवडे हुंगायला लावला. निम्म्यांना तो यायला लागला. म्हणजे त्यांचा रिसेप्टर पूर्ण मेलेला नसावा, किंवा दुसराच कुणीतरी पुढे आला. ते ओआर७डी४ सापडण्याच्या कितीतरी आधीचं काम, त्यामुळे त्या दहा जणांत कुठली जात होती हे कुणीच पाहिलेलं नव्हतं.

अत्तरखोर
दोन आठवड्यांनी परत आलो. सात जणांवर सहा-सहा डाव केले. गुलाब सगळ्यांना आला. गॅलॅक्सोलाइडमध्ये चार जण सहापैकी सहा, एक पाच, उरलेले दोघे दोन आणि एक. त्या दोघांना इथिलीन ब्रॅसिलेट हे दुसरं मस्क दिलं: एकाला सहापैकी सहा, दुसऱ्याला तीन. त्याला मग हॅबानोलाइड हे तिसरं मस्क दिलं, तिथे सहापैकी सहा.

ब्रॅसिलेटचं द्रावणही १ ग्रॅमला ४ ग्रॅम असंच केलं होतं.

लताकस्तुरी
तिथे चूक झाली. ब्रॅसिलेट शुद्ध विकलं जातं, म्हणजे तुमचं द्रावण २० टक्के झालं. १ ला ९ हवं होतं. दुप्पट जोराचं असूनही एकाला तीनच बरोबर, तेव्हा त्याचं नाक त्या वासाला बंद असावं असं वाटतं. पण तीन किंवा जास्त बरोबर तर नुसत्या नशिबाने तीनांत एकदा येतात, तेव्हा शिक्का मारू नका. पहिल्याची सहापैकी सहाची खात्री मात्र १० टक्क्यांवर पुन्हा करा.

कुपीचं म्हणाल तर एकाच मस्कवर ६ ग्रॅम घालणं सोडा. गॅलॅक्सोलाइडचं द्रावण ३ ग्रॅम, ब्रॅसिलेट २, हॅबानोलाइड १. मोठे अत्तरकारही तीन-चार मस्क मिसळतात त्याचं एक कारण हेच आहे, कुठल्या ना कुठल्या दारातून तरी आत जावं. मात्र दोन शुद्ध माल आले म्हणजे कुपीत एकूण मस्क वाढलं. आधी सहा ग्रॅमांत खरं मस्क ३ ग्रॅम होतं, आता साडेचार. ज्यांना तिन्ही येतात त्यांना ते जड वाटू शकतं.

सुकाबोंबील
आणि मुतारीवाल्या बाई?

अत्तरखोर
त्यांना गॅलॅक्सोलाइड एकटं दिलं तर आवडलं! नाक मुरडलं ते 'कस्तुरी बेस'वर. बेस १० टक्के, १ टक्का आणि ०.१ टक्का असा दिला. पहिल्या दोनांवर 'मुतारी', तिसऱ्यावर 'चामड्याची नवी पर्स'.

घ्राणेश्वर
तयार बेसमध्ये जनावराचा भास आणायला बहुतेकदा पॅरा-क्रेसिलचे एस्टर घालतात. तबेल्यासारखा वास त्यांचाच. असे पदार्थ प्रमाणावर पालटतात. मोगऱ्यातला इंडोल पाहा, पातळ असला तर फूल, दाट झाला तर डांबरगोळी. बाईंचं नाक वेगळं असण्यापेक्षा कुपीत बेस जास्त पडलाय असं मला वाटतं.

नासिकाग्र
पण तोच बेस त्याच प्रमाणात बाकी सहा जणांना खटकला नाही ना? मग नुसतं प्रमाण कसं म्हणता?

घ्राणेश्वर
बाकी सहा जणांना बेस वेगळा करून दिलाच कुठे? त्यांनी तो गॅलॅक्सोलाइडमध्ये दडलेलाच हुंगला.

अत्तरखोर
बरोबर, दिला नव्हता. रविवारी सगळ्यांना १ टक्क्याचा बेस देतो. तोवर नव्या कुपीत ०.५ ऐवजी ०.०५ ग्रॅम टाकतोय.

खवचट_आजोबा
रविवारी आम्हालाही बोलवा. सौ.ना सोबत आणतो, त्यांचा रिसेप्टर तपासायचा आहे.